नव्या जाहिरात मोहिमेची चाचणी: पैसे किती लावायचे आणि निकाल कधी लावायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचा घाऊक व्यवहार करणाऱ्या घरांतील तरुण मंडळी आता स्वतःच्या नावाची पाकिटे भरून थेट ग्राहकाला विकू लागली आहेत. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे गावाचे नाव सांगून विकता येईल असा माल हाताशी आहे, आणि वेबसाइट उभी करणेही आता फारसे अवघड राहिलेले नाही. अडते ते त्यापुढे, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पहिली जाहिरात लावताना. कोणी म्हणते, रोज दोनशे रुपये लावून चार दिवस बघू. चौथ्या दिवशी एखादी ऑर्डर आलेली असते आणि ‘जाहिरातीत काही दम नाही’ असा निकाल लागतो. दुसऱ्या कोणाला पहिल्याच दिवशी पाच ऑर्डर येतात आणि तो त्याच रात्री बजेट पाचपट करून मोकळा होतो. हे दोन्ही निर्णय वरवर उलटे दिसले तरी त्यांतली चूक एकच आहे: हातात आलेल्या मोजक्या ऑर्डरींवरून जेवढे ठरवता येते, त्याहून कितीतरी जास्त ठरवले गेले.

चाचणीचे बजेट हा अंदाजपंचे निवडायचा आकडा नसून, दोन प्रश्नांच्या उत्तरांतून तो आपोआप बाहेर येतो. एक ऑर्डर मिळवण्यासाठी जाहिरातीवर जास्तीत जास्त किती खर्च परवडतो, हा पहिला प्रश्न. निकालावर विश्वास ठेवण्यासाठी किमान किती ऑर्डरी दिसायला हव्यात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या वहीत असते आणि दुसऱ्याचे थोड्या गणितात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे चाचणीचे बजेट. एक काल्पनिक पण प्रत्यक्षाला धरून असलेले उदाहरण घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

एका ऑर्डरीला किती परवडते

समजा, सांगलीतील एक कुटुंब एक किलो बेदाणा आणि अर्धा किलो हळद पूड अशी पेटी ९९९ रुपयांना, घरपोच, महाराष्ट्रभर विकणार आहे. माल आणि पॅकिंग मिळून ४८० रुपये पडतात. कुरिअरचे ११० रुपये जातात. विक्रीवरचा जीएसटी आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचे शुल्क यांसाठी ८० रुपये धरू. उरतात ३२९ रुपये. बरेच जण इथेच थांबतात आणि एका ऑर्डरीला तीनशे रुपयांपर्यंत जाहिरात परवडते असे मनाशी धरून चालतात, पण हा आकडा अजून खरा नाही.

कारण आपल्याकडे ग्राहकाचा ओढा कॅश ऑन डिलिव्हरीकडे असतो आणि अशा ऑर्डरींतील काही पेट्या दारातून परत येतात. फोन लागत नाही, घरात कोणी नसते, किंवा तोवर मन बदललेले असते. परत आलेल्या पेटीवर जाण्या-येण्याचे कुरिअर आणि नव्याने पॅकिंग मिळून १९० रुपये जातात असे समजा, आणि दहापैकी दोन पेट्या परत येतील असे धरा. मग दहा ऑर्डरींचा हिशेब असा होतो: आठ पेट्यांचे प्रत्येकी ३२९ प्रमाणे २,६३२ रुपये मिळाले, दोन परतीच्या पेट्यांवर ३८० गेले, राहिले २,२५२. म्हणजे आलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे २२५ रुपये. जाहिरातीचा खर्च इथवर गेला तर ना नफा ना तोटा. तीनशे आणि सव्वादोनशे यांतला हा फरक लहान वाटेल, पण पुढचा सगळा निकाल याच फरकावर फिरतो.

थोडा नफा राहावा म्हणून हे कुटुंब एका ऑर्डरीला २०० रुपये हे लक्ष्य ठरवते. तोच ग्राहक पुढच्या वर्षी पुन्हा बेदाणा मागवेल, हा विचार या हिशेबात मी मुद्दामच घेत नाही. तो खरा ठरेलही, पण नव्या धंद्याला तो आकडा अजून माहीत नसतो, आणि माहीत नसलेल्या नफ्याच्या भरवशावर आज खर्च वाढवणे बरे नव्हे. आणखी एक बाब लक्षात ठेवावी. जाहिरात खात्यात दिसणाऱ्या खर्चावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. नोंदणी असून त्याचे इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो शेवटी खर्च ठरत नाही, पण रोकड आधी तेवढी बाजूला काढावीच लागते. क्रेडिट मिळत नसेल तर २२५ ची मर्यादा खात्यातल्या आकड्यात १९० च्या आसपास येते.

किती ऑर्डरी पाहिल्यावर बोलावे

हळदीच्या सौद्यात एका पोत्यातली मूठभर हळकुंडे पाहून अख्ख्या थप्पीचा भाव कोणी ठरवत नाही. चार-सहा पोत्यांतला माल हातात घेतला जातो. ऑर्डरींचेही तसेच आहे. जाहिरातीचा खरा दर २०० रुपयांना एक ऑर्डर असा असला तरी प्रत्येक दोनशे रुपयांमागे नेमकी एक ऑर्डर कधीच येत नाही. कधी सहाशे रुपयांत एकही येत नाही, कधी दोनशेत तीन येतात. ऑर्डरी जितक्या कमी, तितका हा योगायोगाचा वाटा मोठा.

किती मोठा, हे सांख्यिकीतून काढता येते. १० ऑर्डरी आल्या असतील तर त्याच जाहिरातीतून, त्याच पैशांत, निव्वळ नशिबाच्या फरकाने ५ किंवा १८ सुद्धा आल्या असत्या असे मानावे लागते. ३० ऑर्डरींना हा पल्ला साधारण २० ते ४३ असा येतो आणि ५५ ऑर्डरींना ४१ ते ७२ असा. रुपयांत मांडले तर, ६,००० रुपयांत ३० ऑर्डरी म्हणजे दिसणारा दर २०० चा, पण खरा दर १४० पासून ३०० पर्यंत कुठेही असू शकतो.

हे वाचून निराश व्हायला होईल. सहा हजार रुपये खर्चूनही दर २०० आहे की २२५ आहे हे सांगता येत नसेल, तर चाचणीचा उपयोग काय? उपयोग आहे, फक्त प्रश्न बदलावा लागतो. छोट्या चाचणीतून बारीक फरक कळत नाही, पण ढोबळ फरक स्वच्छ कळतो. खरा दर परवडणाऱ्या दराच्या आसपास आहे की त्याच्या दुप्पट-तिप्पट आहे, एवढे उत्तर तीस ते पन्नास ऑर्डरींत मिळते. पहिल्या चाचणीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि कोणी दहा ऑर्डरींवरून ‘हा फोटो त्या फोटोपेक्षा वीस टक्क्यांनी चांगला चालतो’ असे सांगू लागले तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा हिच्या बाजूनेही एक आकडा येतो. नवा अ‍ॅड सेट, म्हणजे एकाच बजेटवर एकाच प्रेक्षकवर्गाला दाखवायच्या जाहिरातींचा गट, सुरू झाला की कोणाला जाहिरात दाखवली असता ऑर्डर येते हे त्यांची यंत्रणा चाचपडत शिकते, आणि या काळात खात्यात त्यासमोर Learning असे लिहिलेले दिसते. साधारण आठवड्याभरात त्या अ‍ॅड सेटला ५० च्या आसपास ऑर्डरी मिळाल्या की हा टप्पा संपतो. तेवढ्या मिळण्याची शक्यता दिसत नसेल तर Learning limited असा शेरा येतो.

आपल्या कुटुंबाला आठवड्याला ५० ऑर्डरी हव्या असतील तर २०० च्या दराने १०,००० रुपये लागतील, आणि दोन आठवड्यांचे वीस हजार. तेवढी त्यांची तयारी नाही. ते रोज ८०० रुपये, १४ दिवस, म्हणजे ११,२०० रुपये ठरवतात. लक्ष्याच्या दराने यातून ५६ ऑर्डरी अपेक्षित आहेत, म्हणजे आठवड्याला २८. त्यामुळे तो शेरा येणार हे आधीच उघड आहे. यावर एक तोडगा सर्रास सुचवला जातो: ऑर्डरीऐवजी ‘ऑर्डर देण्यास सुरुवात केली’ या पायरीवर जाहिरात लावावी, ती संख्या मोठी असते आणि शिकण्याचा टप्पा लवकर संपतो. ते खरे आहे, पण मग यंत्रणा पत्ता भरायला सुरुवात करणारी माणसे शोधून आणते, पैसे देणारी नव्हे. आठवड्याला वीस-पंचवीस ऑर्डरी येण्यासारख्या असतील तर शेरा सोसावा आणि जाहिरात ऑर्डरीवरच ठेवावी, असे माझे मत आहे.

मात्र ते ८०० रुपये एकाच ठिकाणी राहायला हवेत. पुण्यासाठी एक, मुंबईसाठी एक, गृहिणींसाठी एक, जिमला जाणाऱ्यांसाठी एक असे चार अ‍ॅड सेट केले की प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला एक ऑर्डर येते, आणि दोन आठवड्यांनी चारही ठिकाणी काहीच कळलेले नसते. एक मोहीम, एक अ‍ॅड सेट आणि त्यात दोन-तीन वेगवेगळ्या जाहिराती, एवढे या बजेटला पुरते.

थांबण्याचे नियम आधी लिहून ठेवावेत

पैसे जात असताना माणूस हिशेबाने विचार करत नाही, म्हणून कधी थांबायचे हे मोहीम सुरू करण्याआधी कागदावर उतरवावे. या कुटुंबाचे नियम असे ठरतात.

लक्ष्याच्या तिप्पट, म्हणजे ६०० रुपये खर्च होऊनही एक ऑर्डर नसेल तर मोहीम बंद न करता आधी स्वतःच्या मोबाइलवरून एक ऑर्डर देऊन पाहायची. दर खरोखर २०० असताना ६०० रुपयांत एकही ऑर्डर न येण्याची शक्यता वीसपैकी एक असते, म्हणजे अगदीच दुर्मीळ नाही. पण अशा वेळी पुष्कळदा खरे कारण जाहिरातीबाहेर सापडते: पिनकोड टाकल्यावर पुढचे बटण दाबले जात नाही, यूपीआयचे पान उघडत नाही, किंवा ऑर्डर येते पण तिची नोंद मेटाकडे पोहोचत नाही. शेवटचे कारण सर्वांत फसवे, कारण तेव्हा माल विकला जात असतो आणि खात्यात मात्र शून्य दिसते.

हजार रुपये गेले, दोन दिवस पूर्ण झाले आणि तरीही ऑर्डर नाही, तर मोहीम थांबवायची. एवढे दुर्दैव शंभरात एकदाही वाट्याला येत नाही, त्यामुळे माल, किंमत, पान किंवा जाहिरात यांत कुठेतरी मुळात बिघाड आहे असे समजावे.

पहिल्या आठवड्याअखेर ५,६०० रुपयांत १२ किंवा त्याहून कमी ऑर्डरी असतील तरी थांबायचे. परवडणाऱ्या २२५ च्या दराने त्या पैशांत सुमारे २५ ऑर्डरी यायला हव्यात, आणि २५ च्या जागी १२ किंवा कमी येणे हे केवळ नशिबाने हजारात तीनदाच घडते. बारापेक्षा जास्त ऑर्डरी असतील तर आकडा कितीही मध्यम वाटला तरी दुसरा आठवडा पूर्ण होऊ द्यायचा.

या नियमांमुळे अकरा हजारांची चाचणी म्हणजे अकरा हजारांचा धोका राहत नाही. माल अजिबात चालणार नसेल तर दीड-दोन हजारांत कळते आणि कसाबसा चालत असेल तर साडेपाच हजारांत. पूर्ण रक्कम खर्च होते ती फक्त तेव्हा, जेव्हा खर्च करण्याजोगे काही दिसत असते.

चौदाच दिवस का

कमी दिवसांत जास्त रक्कम लावून त्याच ५६ ऑर्डरी तीन दिवसांत मिळवता येणार नाहीत का? कदाचित येतील, पण त्या तीन दिवसांच्या असतील. सोमवारी ऑफिसला जाणारा माणूस आणि रविवारी दुपारी लोळत मोबाइल पाहणारा माणूस यांची खरेदी सारखी नसते. पगाराच्या तारखेआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडाही सारखा नसतो. म्हणून चाचणी नेहमी पूर्ण आठवड्यांत मोजावी आणि शक्यतो दोन आठवडे घ्यावेत. सणाचेही भान ठेवावे लागते. आपल्या कुटुंबाने संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा हळदीकुंकवाचा हंगाम जाऊ दिला आणि मोहीम सोमवारी, १६ फेब्रुवारीला सुरू केली, कारण हळदीकुंकवाच्या दिवसांत हळदीला आलेली मागणी मार्चमध्ये टिकत नाही. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात चाचणी घेतली तर मागणी वाढलेली असते आणि सगळेच दुकानदार जाहिरातीत उतरलेले असल्याने जाहिरातही महागलेली असते. दोन्ही बाजूंनी तो आकडा एरवी उपयोगाचा नसतो.

दिवसाचा खर्च नेमका ८०० होईल असेही नाही. मेटा एखाद्या दिवशी त्याहून बरेच जास्त खर्च करते आणि दुसऱ्या दिवशी कमी. आठवड्याचा हिशेब सातपटीच्या आत ठेवला जातो. गूगलवरही एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याची बेरीज त्या रकमेच्या ३०.४ पटीपुढे जात नाही. एका दिवशी हजार रुपये गेलेले पाहून घाबरून बजेट खाली ओढणे म्हणून चुकीचे.

सगळ्यांत जास्त गैरसमज मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे होतो. आज जाहिरात पाहिलेला माणूस आजच पेटी मागवतो असे नाही. तो घरी विचारतो, दुसरीकडे भाव पाहतो आणि तीन दिवसांनी ऑर्डर देतो. ही ऑर्डर मेटाच्या तक्त्यात ज्या दिवशी दिली त्या दिवशी दिसत नाही, तर ज्या दिवशी जाहिरात दाबली गेली त्या मागच्या दिवसाच्या नावे जमा होते. नेहमीच्या मांडणीत जाहिरात दाबल्यापासून सात दिवसांपर्यंतच्या ऑर्डरी अशा मागे जाऊन नोंदल्या जातात. म्हणून कालचा आणि परवाचा आकडा जवळजवळ नेहमीच खऱ्याहून वाईट दिसतो.

हे जवळून पाहू. गुरुवारी, १९ फेब्रुवारीला सकाळी तक्त्यात पहिल्या तीन दिवसांचा खर्च २,४०० रुपये आणि ऑर्डरी ८ दिसतात. दर ३००. घरात कुरबुर सुरू होते. थोरल्या काकांचे म्हणणे पडते, ‘अरे, पेटीमागं तीनशे गेले तर आपल्याला राहिलं काय?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देण्याची वेळ आलेली नाही. २०० च्या दराने १२ ऑर्डरी अपेक्षित असताना ८ किंवा त्याहून कमी येणे सहापैकी एकदा घडतेच. शिवाय त्याच तीन दिवसांचा तक्ता पुढच्या गुरुवारी पुन्हा उघडला तेव्हा तिथे ११ ऑर्डरी होत्या आणि दर २१८ वर आला होता. मधल्या काळात त्या तीन दिवसांवर एक रुपयाही नव्याने खर्च झाला नव्हता.

गुरुवारी सकाळी घाबरून कोणी जाहिरातीतला फोटो बदलला असता, वयोगट आवळला असता किंवा बजेट निम्मे केले असते, तर यंत्रणेने शिकण्याचा टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला असता. आठवडाभर मोहीम बंद ठेवून पुन्हा चालू केली तरीही तेच होते. दर दोन दिवसांनी काहीतरी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाती महिनाअखेर एकाच चाचणीऐवजी पंधरा अर्धवट चाचण्या उरतात. म्हणून या चौदा दिवसांत करायचे काम एवढेच: पान चालू आहे ना, पैसे भरता येतात ना, साठा संपलेला नाही ना, आणि जाहिरातीखालच्या प्रश्नांना उत्तरे दिली ना. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बेदाणा मिळेल का’ असे विचारून मागवणारेही असतात. त्यांची ऑर्डर तक्त्यात येत नाही, तेव्हा ‘कुठे पाहिलंत?’ हे विचारून ती वेगळ्या वहीत लिहून ठेवावी.

दोन निकाल, दोन तारखा

मोहीम रविवारी, १ मार्चला संपली. पण तक्ता वाचण्याची तारीख ८ मार्च, म्हणजे उशिरा येणाऱ्या ऑर्डरींचे सात दिवस भरल्यावर. त्या दिवशीचे चित्र असे: पहिल्या आठवड्यात २६ ऑर्डरी, दर २१५, दुसऱ्या आठवड्यात २९ ऑर्डरी, दर १९३, एकूण ११,२०० रुपयांत ५५ ऑर्डरी, दर २०४. लक्ष्य २०० चे, मर्यादा २२५ ची. दुसऱ्या आठवड्यात दर सुधारला म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही, कारण २६ आणि २९ यांतला फरक योगायोगाच्या पल्ल्यात सहज बसतो. ५५ ऑर्डरींवरून खरा दर १५६ ते २७० या दरम्यान आहे एवढेच म्हणता येते. मर्यादा या पल्ल्याच्या आत पडते, त्यामुळे नफ्याची खात्री नाही. पण दर दुप्पट-तिप्पट असण्याची भीती पूर्ण गेली, आणि चाचणी तेवढ्याचसाठी होती.

जाहिरातीचा निकाल इथे लागला. धंद्याचा निकाल मात्र अजून कुरिअरच्या गाडीत असतो. कॅश ऑन डिलिव्हरीची पेटी ग्राहकाच्या दारी दोन-तीनदा नेली जाते, मग ती परत फिरते, आणि गोदामात येईपर्यंत दोन आठवडे सहज जातात. म्हणून दुसरी तारीख २२ मार्च ठरली. त्या दिवशी कळले की ५५ ऑर्डरींपैकी १९ ग्राहकांनी आधीच पैसे भरले होते आणि त्यांच्या सर्व पेट्या पोहोचल्या. उरलेल्या ३६ कॅश ऑन डिलिव्हरीच्या पेट्यांपैकी १५ परत आल्या. आधी धरलेल्या दोन-दशांशाच्या हिशेबाने ११ यायला हव्या होत्या. आता बेरीज करा: ४० पेट्यांचे १३,१६० रुपये, त्यातून परतीचे २,८५० वजा, राहिले १०,३१०. जाहिरातीवर गेले ११,२००. तोटा ८९० रुपयांचा. अकराच पेट्या परत आल्या असत्या तर याच जाहिरातीने १,१८६ रुपये मिळवून दिले असते.

८ मार्चच्या तक्त्यावर विसंबून कोणी दुसऱ्या दिवशी बजेट दिवसाला तीन हजार केले असते, तर तोच तोटा जवळपास चौपट वेगाने झाला असता, आणि तक्ता मात्र समाधानकारक दर दाखवत राहिला असता. अशा वेळी जाहिरात बदलणारे पुष्कळ भेटतात. इथे जाहिरातीला हात लावण्याचे काही कारण नाही. दर जवळपास लक्ष्याइतकाच आहे. दुखणे परतीच्या पेट्यांत आहे, तेव्हा पुढची फेरी त्याच्यासाठी घ्यावी.

वेगळ्या धंद्यांना हे दिवस वेगळे लागतील. साताऱ्यात छतावरचे सोलर पॅनेल बसवून देणाऱ्याला जाहिरातीतून ऑर्डर नव्हे, चौकशी येते, आणि चौकशी ते काम यांत जागा पाहणे, कोटेशन, कर्ज असे दीड-दोन महिने जातात. त्याने चाचणीचे बजेट चौकशीच्या दरावरून काढावे, दोन आठवड्यांनी चौकशा मोजाव्यात आणि कामे मात्र दोन महिन्यांनी मोजावीत. ज्याच्याकडे सगळे मिळून तीन हजारच आहेत, त्याला २०० च्या दराने १५ ऑर्डरी मिळतील, आणि त्यांचा पल्ला १२० ते ३६० रुपये इतका सैल असतो. त्याने ते तीन हजार दोन आठवड्यांवर पसरून दिवसाला एका ऑर्डरीवर आणण्यापेक्षा एका पूर्ण आठवड्यात लावावेत आणि एवढ्याच प्रश्नाचे उत्तर घ्यावे की अनोळखी माणसे या किमतीला हा माल मागवतात की नाही.

सांगलीच्या कुटुंबाची दुसरी फेरी सोमवारी, ३० मार्चला सुरू होते. जाहिरात तीच, बजेट तेच दिवसाला ८००. बदल फक्त दोन: आधी पैसे भरणाऱ्याला पेटीमागे ४० रुपये सूट, आणि कॅश ऑन डिलिव्हरीची प्रत्येक ऑर्डर फोनवर पक्की केल्याशिवाय पेटी बाहेर पडणार नाही. जाहिरातीचा दर १९ एप्रिलला वाचायचा, परतीच्या पेट्या ३ मेला मोजायच्या, आणि ५० च्या आसपास ऑर्डरींत दहाहून कमी पेट्या परत आल्या तरच बजेट वाढवायचे, तेही एका वेळी पाचव्या हिश्शाने, आठवड्याच्या अंतराने.